ओईटीचा निकाल लागल्यावर इंग्रजीच्या मॅडमना लिहायचं आभारपत्र: तयारी आणि नमुना

ओईटीचे, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेचे, गुण दिसले की पहिला मेसेज घरी जातो, दुसरा एजंटला आणि तिसरा क्लासच्या मॅडमना: "मॅडम, झालं! थँक यू सो मच," आणि पुढे हात जोडल्याचं चिन्ह. हा मेसेज त्याच दिवशी जायलाच हवा, कारण मॅडमही निकालाची वाट बघत असतात. पत्राचं काम वेगळं आहे, आणि ते आठवडाभरात लिहिलं तर बरं. एकदा नोंदणीची कागदपत्रं, पुढची परीक्षा आणि व्हिसा मागे लागला की परीक्षेच्या दिवसाची आठवण पुसट होते.

मी नर्सना ओईटीसाठी इंग्रजी शिकवते, त्यामुळे अशी पत्रं वाचणाऱ्याच्या बाजूने बोलते आहे. आम्हाला परीक्षेच्या खोलीत जाता येत नाही. निकालपत्रात ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या प्रत्येक विभागाचा एकच आकडा असतो. तो आकडा कशामुळे आला, क्लासमध्ये घोटून घेतलेली कोणती गोष्ट ऐन वेळी आठवली आणि कोणती आठवली नाही, हे त्यात कुठेच नसतं. ते फक्त विद्यार्थिनी सांगू शकते. म्हणून आभारपत्रात आभारांइतकीच ही हकीकतही यायला हवी. ती आली की आभाराचे शब्द थोडे असले तरी चालतात.

आधी निकाल नीट वाचा

"पास झाले" एवढंच लिहू नका, कारण ओईटीत पास-नापास असं काही नसतं. प्रत्येक विभागाला 0 ते 500 पैकी गुण मिळतात आणि त्यावरून श्रेणी ठरते. 350 ते 440 म्हणजे बी, 300 ते 340 म्हणजे सी प्लस. किती गुण पुरे हे तुम्ही जिथे नोंदणी करणार त्या देशाची परिषद ठरवते. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत 350 मागते, लेखनात मात्र 300 चालतात. त्यामुळे लेखनात 330 आलेली मुलगी ब्रिटनच्या दृष्टीने मोकळी असते. बी हवाच अशा ठिकाणी तिला तोच विभाग आडवा येईल.

पत्रात चारही आकडे लिहा आणि त्यांनी कुठलं दार उघडलं ते एका वाक्यात सांगा. एखादा आकडा कमी असेल तर तोही लिहा. शिकवणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग त्याच आकड्याचा असतो, पण आनंदाच्या भरात नेमका तोच गाळला जातो.

मग दोनच गोष्टी निवडा

बहुतेकांचा पहिला मसुदा असा असतो:

"आदरणीय मॅडम, सर्वप्रथम आपले मनःपूर्वक आभार. आपल्या अनमोल मार्गदर्शनामुळेच मी हे यश संपादन करू शकले. आपण केवळ शिकवले नाही तर जगायला शिकवले. आपल्या ऋणातून मी कधीही उतराई होऊ शकणार नाही."

यातला भाव खोटा नाही. पण हे पत्र गाडी चालवायला शिकवणाऱ्या सरांनाही शब्द न बदलता पाठवता येईल. ते दुरुस्त करायला चांगले शब्द शोधू नका, माहिती शोधा. कागद घ्या आणि चारही विभागांसाठी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: क्लासला येण्यापूर्वी मी हे कसं करायचे? मॅडमनी काय करायला लावलं? परीक्षेत ते नेमकं कधी कामाला आलं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो मुद्दा पत्रात घेऊ नका.

मिरजेतल्या एका कल्पित स्टाफ नर्सच्या कागदावर काय उतरेल ते पाहू. तिला ऐकण्यात 370 आले, पण ते बरेचसे तिने रोज बसमध्ये कानात इंग्रजी मुलाखती ऐकल्यामुळे. तिथे मॅडमचा वाटा थोडा, म्हणून तो मुद्दा गेला. वाचनाचा पहिला भाग 15 मिनिटांत 20 प्रश्नांचा असतो. तिथे चारही उताऱ्यांवर आधी नजर टाकायची सवय कामाला आली, पण ही युक्ती प्रत्येक क्लासमध्ये सांगतात. ती एका वाक्यात आटोपेल. उरलं लेखन आणि बोलणं, आणि खरं शिकणं तिथेच झालेलं असतं.

लेखनात एका रुग्णाच्या टिपणांचा कागद देतात. पहिली पाच मिनिटं फक्त वाचायला असतात, त्यात काही लिहायचं नसतं. पुढच्या 40 मिनिटांत साधारण 180 ते 200 शब्दांचं पत्र लिहायचं, बहुधा रुग्णाला पुढे ज्याच्याकडे सोपवायचं त्याला. टिपणांत मुद्दाम गरजेपेक्षा जास्त माहिती भरलेली असते. आपल्याकडच्या नर्सला ड्युटी सोपवताना सगळं सांगायची सवय असते, काही सुटलं तर बोलणी बसतात. म्हणून ती पत्रातही सगळं ओतते. काय लिहिलं याइतकेच काय गाळलं याचे गुण असतात, हे पटायला वेळ जातो. शिवाय वॉर्डातलं "बीडी, टीडीएस, एसओएस" बोटांत बसलेलं असतं, आणि पत्र एखाद्या सामाजिक कार्यकर्तीला जायचं असेल तर तिला त्यातलं काय कळणार?

बोलण्यात दोन प्रसंग असतात. प्रत्येकी तीन मिनिटं तयारी आणि सुमारे पाच मिनिटं संवाद. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते. आमच्या मुली घाबरलेल्या रुग्णाला पटकन म्हणतात, "डोन्ट वरी, नथिंग विल हॅपन." हे आपल्या "घाबरू नका, काही होत नाही"चं जसंच्या तसं रूप. वॉर्डात त्याने धीर येतो. परीक्षेत मात्र ते रुग्णाला गप्प करणं ठरतं, कारण त्याला नेमकी कशाची भीती आहे हे विचारून घेतलं का आणि पुढचं बोलणं त्यावर बेतलं का, याला वेगळे गुण आहेत.

या दोन गोष्टींवर पत्र उभं राहतं. तिसरी घेतलीत की तिन्ही उथळ होतात.

काय लिहू नये

परीक्षेतला प्रश्न लिहू नका. कुठला रुग्ण होता, काय आजार होता, पत्र कोणाला लिहायचं होतं, यातलं काहीच नको. परीक्षेचा मजकूर बाहेर न सांगण्याची अट तुम्ही मान्य केलेली असते. पुढच्या बॅचला मदत होईल म्हणून लिहिलेली एक ओळ तुमचा निकालच अडचणीत आणू शकते. "प्रश्न सांगता येणार नाही, पण टिपणं वाचताना काय आठवलं ते सांगते," एवढं पुरतं.

उमेदवार क्रमांक आणि निकालपत्राचा फोटोही नको. पत्रं क्लासच्या भिंतीवर लागतात आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर जातात.

दुसऱ्या क्लासची निंदा करू नका. "आधीच्या ठिकाणी नुसते पैसे घेतले" हे वाक्य वाचताना मला आनंद होत नाही. ही मुलगी उद्या माझ्याबद्दल काय लिहील, असंच मनात येतं. आणि "तुमच्यामुळेच" हा शब्दही जरा जपून वापरा. नाइट ड्युटी करून तुम्ही सराव केला आहे. सगळं श्रेय दुसऱ्याला दिलं की पत्र खोटं वाटायला लागतं.

भाषा आणि मायना

इंग्रजीच्या शिक्षकाला पत्र इंग्रजीतच लिहायचं, असं अनेकींना वाटतं. माझं मत उलट आहे. मॅडम मराठी असतील आणि शंका मराठीत सोडवत असतील तर पत्र मराठीतच लिहा. इंग्रजी पत्र हातात आलं की आमची नजर आपोआप चुका शोधायला लागते आणि मजकूर मागे पडतो. तुमचाही अर्धा जीव व्याकरणात अडकतो. शिक्षक केरळचे असतील किंवा त्यांना मराठी वाचता येत नसेल तर मात्र इंग्रजीत लिहा. बांधणी हीच ठेवा, वाक्यं छोटी ठेवा आणि "काइंडली डू द नीडफुल"सारखे कचेरीतले शब्द टाळा.

मायन्यात वयाचा विचार करा. मॅडम वयाने मोठ्या असतील तर "सा. न. वि. वि." शोभतं, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. क्लास घेणारी मुलगी तुमच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल, आणि ओईटीच्या क्लासमध्ये हे सर्रास असतं, तर साष्टांग नमस्काराने तीच अवघडून जाईल. तिथे "सप्रेम नमस्कार" लिहा. "तीर्थरूप" आईवडिलांसाठी ठेवा. क्लासमध्ये "तुम्ही" म्हणत असाल तर पत्रातही "तुम्ही"च ठेवा. एका ओळीत "आपण" आणि पुढच्या ओळीत "तुम्ही" आलं की पहिली ओळ कुठून तरी उतरवली आहे हे लगेच कळतं.

नमुना पत्र

मिरज,
दि. (तारीख)

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

निकाल लागला त्या दिवशी मेसेज केला होता, पण त्यात सगळं मावलं नाही. ऐकण्यात 370, वाचनात 350, लेखनात 330 आणि बोलण्यात 410 आले. ब्रिटनच्या नोंदणीसाठी एवढे पुरतात, त्यामुळे आता पुढचा अर्ज भरायला घेतला आहे. वाचनात अगदी काठावर सुटले. चारही उताऱ्यांवर आधी नजर टाकली नसती तर तेही झालं नसतं.

मॅडम, तुमच्याकडे आले तेव्हा माझं पत्र तीनशे शब्दांच्या खाली कधी यायचं नाही. टिपणांतलं काही सोडलं तर रुग्णावर अन्याय होईल, असं मला वाटायचं. तुम्ही माझ्या वहीत प्रत्येक ओळीच्या बाजूला एकच प्रश्न लिहायचात, "हे वाचणाऱ्याला कशाला हवं?" सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. एकदा तर मी वाद घातला होता की रुग्णाचं दहा वर्षांपूर्वीचं ऑपरेशन गाळायचं कसं. तुम्ही म्हणालात, "ज्याला पत्र जातंय तो माणूस उद्या सकाळी या माहितीचं काय करणार आहे ते मला सांग, मग ठेव." मला सांगता आलं नाही.

परीक्षेत काय आलं होतं ते लिहिता येणार नाही. पण पहिली पाच मिनिटं नुसतं वाचायचं होतं तेव्हा मी प्रत्येक ओळीला तोच प्रश्न विचारत गेले, आणि लिहायला लागले तेव्हा काय ठेवायचं ते ठरलेलं होतं. "पेशंट इज हॅविंग पेन सिन्स टू डेज" असं एकदा हातून उतरलंच, पण शेवटी तपासताना दिसलं आणि "हॅज हॅड पेन फॉर टू डेज" केलं. तरी लेखनात सी प्लसच आला. कुठे गुण गेले ते निकालात कळत नाही. माझा अंदाज आहे की शेवटचा परिच्छेद मी घाईत उरकला. पुढच्या बॅचला शेवटाचा जास्त सराव दिलात तर बरं होईल, असं वाटतं.

बोलण्याचं मात्र तुमच्यासमोर कबूल करायलाच हवं. रुग्ण घाबरलेला दिसला की माझ्या तोंडून "डोन्ट वरी" यायचं आणि तुम्ही टेबलावर बोट वाजवून मला थांबवायचात. "आधी विचार, कशाची भीती वाटते." परीक्षेत पहिल्या प्रसंगाला "डोन्ट" ओठांवर आलंच होतं. मला तुमचं बोट आठवलं आणि मी थांबून विचारलं. मग समोरच्या बाईंनी जे सांगितलं त्यावरच पुढचं सगळं बोलणं झालं. मला वेगळं काही सुचवावं लागलं नाही.

आणखी एक सांगायचं आहे. परवा वॉर्डात एका आजोबांना सकाळी शस्त्रक्रियेला न्यायचं होतं आणि ते सारखे उठून बसत होते. मी नेहमीसारखं "काही होत नाही" म्हणणार होते, पण मराठीतच विचारलं, "आजोबा, कशाची काळजी वाटते?" त्यांना शस्त्रक्रियेची भीती नव्हती. भूल उतरल्यावर जवळ कोण असेल, ही काळजी होती. त्यांच्या मुलाला बोलावून घेतलं आणि ते झोपले.

नाइट ड्युटीच्या आठवड्यात माझा तास तुम्ही दुपारी घेत होतात आणि त्याचे वेगळे पैसे कधी मागितले नाहीत. तेव्हा मी त्याबद्दल काही बोलले नव्हते. त्याबद्दल मनापासून आभार.

या पत्रातला लेखनाचा भाग नवीन मुलींना वाचून दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. माझं नाव आणि गुण मात्र बाहेर लावू नका, हॉस्पिटलमध्ये अजून राजीनाम्याचं सांगितलेलं नाही.

निघण्याआधी भेटायला येईन. कळावे, लोभ असावा.

तुमची विद्यार्थिनी,
(सही)

ता. क. माझी वही तुमच्याकडे राहिली आहे. ती ठेवूनच घ्या, तुमचे शेरे नवीन मुलींच्या कामाला येतील.

हे पत्र आपल्या परीने बदलताना

नमुना उतरवून काढू नका, त्याची चाल घ्या. निकाल आधी आला आहे, कारण मॅडमना तो पुन्हा एकदा नीट बघायचा असतो. मग एक सवय, ती मोडण्याची पद्धत आणि परीक्षेतला तो क्षण, या क्रमाने प्रत्येक गोष्ट सांगितली आहे. "आभार" हा शब्द सगळ्या पत्रात एकदाच येतो आणि तोही दुपारच्या तासासाठी, म्हणजे जे मॅडमच्या कामाच्या पलीकडचं होतं त्यासाठी. शिकवणं त्यांचं कामच होतं. त्यासाठीचे आभार हकीकतीतून पोहोचतात.

आजोबांचा परिच्छेद सगळ्यांना जमेलच असं नाही. शिकलेली गोष्ट परीक्षेबाहेर खरंच वापरली गेली असेल तरच तो लिहा. ओढूनताणून आणलेला असा प्रसंग लगेच ओळखू येतो. आणि लिहिलात तर रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, आजार, हॉस्पिटल यातलं काही येऊ देऊ नका. वरच्या पत्रात फक्त "एक आजोबा" आहेत आणि तेवढ्याने भागतं.

आयईएलटीएस दिलेल्या मुलीलाही हाच आराखडा चालेल, फक्त आकडे वेगळे असतील. ब्रिटनची तीच परिषद तिथे लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 मागते. त्या परीक्षेत रुग्णाशी संवाद नसतो, त्यामुळे बोलण्यातली हकीकत वेगळी येईल: विषयाचं कार्ड हातात मिळाल्यावर एक मिनिटात काय टिपलं, दोन मिनिटं बोलताना कुठे अडखळलात, आणि मॅडमची कुठली सूचना त्या वेळी आठवली.

दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा देऊन गुण मिळवले असतील तर आधीचे निकालही पत्रात येऊ द्या, मात्र रडगाणं नको. "मागच्या वेळी बोलण्यात 320 होते, या वेळी 360" हे एक वाक्य मॅडमना पुरेसं सांगून जातं. आधीच्या वेळेनंतर नेमकं काय बदललं ते त्यापुढे लिहा, कारण तेच त्या पुढच्या अडलेल्या मुलीला सांगणार असतात.

पत्र हाताने लिहा, पाठपोट एका कागदात बसवा. अंतर्देशीय पत्रात हा मजकूर मावत नाही आणि त्यात दुसरं काही घालताही येत नाही, म्हणून साधं पाकीट घ्या. क्लासच्या पत्त्यावर टाकत असाल तर पाकिटावर मॅडमचं नाव लिहा. नुसतं क्लासचं नाव लिहिलंत तर ते चौकशीच्या टेबलावर उघडलं जाईल आणि तुमची राजीनाम्याची ओळ भलत्याच कोणी आधी वाचेल. पत्रासोबत पेढे न्यायचे असतील तर स्वतः जा, आणि पत्र हातात देऊन लगेच निघा. समोर बसून वाचायला लावलंत तर दोघींनाही अवघडल्यासारखं होतं.